अर्धवट भरलेल्या पाइपाचा हिशेब

नऊशे मिलिमीटर व्यासाचा ह्यूम पाइप, उतार चारशेला एक, आणि जोराच्या पावसात त्यातून सेकंदाला पाचशे लिटर पाणी न्यायचे आहे. एवढ्या पाण्याने पाइप भरणार नाही. मग तळापासून पाणी किती उंचीपर्यंत चढेल आणि कोणत्या वेगाने जाईल? पर्जन्य जलवाहिनीचा आराखडा करणारा इंजिनिअर हे दोन आकडे संगणकाकडून घेतो, खाली ‘मॅनिंगच्या सूत्रानुसार’ असे लिहितो आणि पुढच्या चेंबरकडे वळतो. उत्तर येते ४८ सेंटिमीटर आणि सेकंदाला १.४६ मीटर. हे उत्तर ज्या रीतीने निघते ती घडायला सव्वाशे वर्षे लागली. शिवाय ज्याच्या नावावर ती खपते त्या मॅनिंगने स्वतः हे सूत्र मांडून बाजूला ठेवले होते.

सुरुवात पॅरिसच्या तहानेपासून करावी लागते. इव्हेट नावाच्या छोट्या नदीचे पाणी कालव्याने पॅरिसला आणायचे, अशी योजना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्चेत होती. कालव्याचा उतार आणि आकार ठरवायचे काम झां-रोदोल्फ पेरोने या नामांकित इंजिनिअरकडे होते, आणि प्रत्यक्ष हिशेब त्याचा सहकारी आंत्वान शेझी करत होता. अमुक उतारावर, अमुक आकाराच्या कालव्यात पाणी किती वेगाने जाईल, याचे भरवशाचे उत्तर तेव्हा कोणाकडेच नव्हते. शेझीने विचार केला तो असा. उतारावरचे पाणी स्वतःच्या वजनाने खाली ओढले जाते. ही ओढ प्रवाहाच्या छेदाच्या क्षेत्रफळावर आणि उतारावर अवलंबून असते. त्याला अडवते ते कालव्याच्या तळाचे आणि भिंतींचे घर्षण. ते पाण्याने भिजलेल्या कडेच्या लांबीवर, म्हणजे ओल्या परिघावर, आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. ओढ आणि अडवणूक बरोबरीत आली की पाण्याचा वेग वाढतही नाही आणि घटतही नाही.

आज जिला आपण सामान्य खोली म्हणतो ती याच बरोबरीची खोली. एकसारख्या लांब वाहिनीत पाणी आपोआप तिच्याकडे सरकते. शेझीचा निष्कर्ष असा, की वेग हा क्षेत्रफळ भागिले ओला परीघ, गुणिले उतार, याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. क्षेत्रफळ भागिले ओला परीघ या राशीला पुढे जलीय त्रिज्या म्हणू लागले. १७७५च्या सुमारास त्याने ही मांडणी लिहून काढली आणि सेन नदीवरच्या मोजमापांशी ताडून पाहिली. पण ती छापली गेली नाही. इव्हेटचा कालवाही पॅरिसपर्यंत पोचला नाही. शेझी १७९८ मध्ये वारला, आणि त्याचे मूळ टिपण क्लेमेन्स हर्शेल या अमेरिकन इंजिनिअरने लोकांसमोर आणले ते १८९७ मध्ये. तोवर त्याचे सूत्र इतरांच्या पुस्तकांतून जगभर पसरले होते.

शेझीच्या सूत्रात एक गुणक होता, आणि पुढच्या शंभर वर्षांची सगळी भांडणे त्या गुणकावरून झाली. तो एकच ठरीव आकडा आहे असे काही जण धरून चालले. प्रत्यक्षात दगडी कालव्यात तो एक येई, लाकडीत दुसरा, आणि त्याच कालव्यात पाणी उथळ झाले की तिसराच.

उथळ पाण्याची ही अडचण शहरांच्या गटारांत फार जाणवू लागली. लंडनच्या जुन्या विटांच्या गटारांचे तळ रुंद आणि चपटे होते. पाऊस नसताना त्यांत पातळ थर पसरे, वेग पडे आणि गाळ बसे. १८४०च्या दशकात तळाला निमुळते आणि वर रुंद असे अंडाकृती गटार पुढे आले. त्याचे श्रेय जॉन रो आणि जॉन फिलिप्स या दोघांना दिले जाते. अशा छेदात पाणी थोडे असले तरी ते अरुंद तळाशी गोळा होऊन खोल राहते आणि वेग टिकतो. मुंबईच्या जुन्या शहरातही विटांची अशी बांधीव अंडाकृती गटारे आहेत. रस्त्याखालची वाहिनी क्वचितच पूर्ण भरते, तेव्हा तिचा खरा हिशेब अर्धवट भरलेल्या अवस्थेचाच करायला हवा, ही समज या आकारातच दिसते. मात्र आकार सुचला म्हणजे वेग किती ते आकड्यात सांगता आले असे नव्हे.

मोजमापांचा मोठा ढीग फ्रान्समध्ये जमला. आंरी दार्सीने सुरू केलेले आणि त्याच्या मृत्यूनंतर आंरी बाझांने पुरे केलेले प्रयोग १८६५ मध्ये छापून आले. बर्गंडी कालव्याजवळ त्यांनी मुद्दाम प्रयोगाची वाहिनी बांधली होती. तिला सिमेंट, फळ्या, विटा, बारीक खडी असे वेगवेगळे अस्तर लावून पाण्याचा वेग मोजला गेला. त्यात अर्धगोल छेदाच्या वाहिन्याही होत्या, आणि आपल्या गोष्टीत त्यांना पुढे महत्त्व येते.

१८६९ मध्ये गांगिये आणि कुटर या स्विस इंजिनिअरांनी या आणि इतर मोजमापांवरून शेझीच्या गुणकासाठी एक लांबलचक सूत्र दिले. पृष्ठभागाच्या खडबडीतपणासाठी त्यांनी त्यात एक अक्षर घातले: एन. गुळगुळीत सिमेंटसाठी ०.०१०च्या आसपास, विटांसाठी ०.०१३च्या आसपास, मातीच्या कालव्यासाठी ०.०२५ किंवा त्याहून जास्त. इंजिनिअरांना हे आवडले, कारण पृष्ठभाग पाहिला की आकडा निवडता येई. कुटरच्या सूत्रात उताराचे आणखी एक पद होते. मिसिसिपी नदीवरची मोजमापे सूत्रात बसवण्यासाठी ते घातले होते, आणि ती मोजमापेच पुढे कच्ची निघाली. तरी हे सूत्र दोन पिढ्या चालले. ते हाताने सोडवणे इतके कटकटीचे होते की त्याच्या कोष्टकांची जाडजूड पुस्तके निघाली.

आता रॉबर्ट मॅनिंग. जन्म १८१६चा, फ्रान्समधल्या नॉर्मंडीतला, पण आयुष्य आयर्लंडमध्ये गेले. जलशास्त्राचे रीतसर शिक्षण नव्हते. सरकारी बांधकाम खात्यात हिशेब आणि जमीन-पाणी निचऱ्याच्या कामांतून तो वर चढला आणि मुख्य इंजिनिअर झाला. ४ डिसेंबर १८८९ रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्याने आयर्लंडच्या सिव्हिल इंजिनिअर संस्थेपुढे आपला निबंध वाचला. त्याची पद्धत साधी होती. तेव्हा प्रचलित असलेली सात सूत्रे घ्यायची, एकाच उतारासाठी वेगवेगळ्या जलीय त्रिज्यांना प्रत्येक सूत्र किती वेग देते ते काढायचे, सरासरी घ्यायची, आणि त्या सरासरीला बसेल असे सुटसुटीत सूत्र शोधायचे. जलीय त्रिज्येचा घातांक किती घ्यावा यासाठी त्याने बाझांच्या अर्धगोल वाहिन्यांची आकडेवारी वापरली. पृष्ठभागानुसार तो घातांक साधारण ०.६५पासून ०.८४पर्यंत बदलत होता. मॅनिंगने दोन-तृतीयांश हा सोयीचा अपूर्णांक धरला.

मग त्याने आपल्याच सूत्रातले दोष दाखवले. दोन-तृतीयांश घात काढायचा म्हणजे घनमूळ काढावे लागते, आणि कागदावर ते त्रासाचे. दुसरा दोष जास्त गंभीर होता. सूत्राच्या दोन्ही बाजूंची एकके जुळत नव्हती. म्हणून त्याने एक वेगळेच सूत्र पुढे केले, ज्यात हवेच्या दाबाची उंचीसुद्धा होती. ते आज कोणाला आठवत नाही. नाकारलेले मात्र जगभर गेले. दोन-तृतीयांश घाताची कल्पनाही पहिल्यांदा त्याची नव्हती. फिलिप गोकलर या फ्रेंच इंजिनिअरने ती १८६७ मध्येच मांडली होती. शेवटचा सांधा कैरोत जुळला. विल्यम विल्कॉक्स हा भारतात जन्मलेला, रुडकीला शिकलेला पाटबंधारे इंजिनिअर. त्याने आणि होल्ट याने १८९९च्या पुस्तकात दाखवून दिले, की मॅनिंगचा गुणक म्हणजे जवळजवळ एक भागिले कुटरचा एन. आता कुटरच्या सूत्राचा जंजाळ नको, पण त्याचे सगळे अनुभवसिद्ध एन मात्र जसेच्या तसे वापरता येतात! इंजिनिअरांना आणखी काय हवे होते?

म्हणजे आपण ‘मॅनिंगचे सूत्र’ म्हणतो त्यात वर्गमूळ शेझीचे, घातांक गोकलरचा आणि एन कुटरचा. गोल पाइपासाठी त्याला फक्त शाळेतली भूमिती जोडावी लागते. पाण्याचा पृष्ठभाग पाइपाच्या केंद्राशी जो कोन करतो त्याला थीटा म्हणा. मग सगळे असे लिहिता येते:

```
A = (D²/8)(θ − sin θ)
P = D θ / 2
R = A / P
y = (D/2)(1 − cos(θ/2))
Q = (1/n) A R^(2/3) S^(1/2)
V = Q / A
```

अडचण एवढीच, की प्रवाह दिलेला आहे आणि थीटा शोधायचा आहे, आणि शेवटून दुसरी ओळ उलटी फिरवून थीटा बाहेर काढता येत नाही. अंदाज, तपासणी, पुन्हा अंदाज, हाच मार्ग. आपलाच पाइप घेऊ. एन ०.०१३ धरला, तर पूर्ण भरलेल्या पाइपाची जलीय त्रिज्या व्यासाच्या चौथाई, म्हणजे ०.२२५ मीटर. त्यावरून वेग सेकंदाला १.४२ मीटर आणि प्रवाह ०.९०५ घनमीटर. अर्धा भरला तर वेग तोच राहतो, कारण क्षेत्रफळ आणि परीघ दोन्ही निम्मे होतात. प्रवाह ०.४५३. आपल्याला ०.५ हवा, म्हणजे पाणी अर्ध्याच्या जरा वर. थीटा ३.३० घेतला तर प्रवाह ०.५१४ येतो, जास्त झाला. ३.२७ला ०.५०२. ३.२६४ला ०.५००. इथे थांबायचे. खोली ०.४८ मीटर, छेदाचे क्षेत्रफळ ०.३४३ चौरस मीटर, वेग १.४६.

थीटा रेडियनमध्ये असतो. कॅल्क्युलेटर अंशांवर राहिला तर क्षेत्रफळात अर्ध्या पाइपाच्या आसपास जेमतेम पाच टक्क्यांची चूक येते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. पण खोलीच्या सूत्रात तोच घोळ पाणी मिलिमीटरभरही नसल्याचे दाखवतो. म्हणून खोली नुसत्या वेगासाठी नको असली तरी काढून बघावी.

संगणक येण्याआधी हे अंदाज कोणी बसून करत नसे. गोल पाइपाचे एकच कोष्टक पुरे, कारण खोलीचे व्यासाशी आणि प्रवाहाचे पूर्ण भरलेल्या प्रवाहाशी असलेले गुणोत्तर सगळ्या पाइपांना लागू पडते. पण या कोष्टकात एक विचित्र गोष्ट दिसते. पाणी ८१ टक्के खोलीवर असताना वेग सर्वांत जास्त, पूर्ण भरलेल्यापेक्षा १४ टक्के अधिक. प्रवाह सर्वांत जास्त ९४ टक्के खोलीवर, पूर्ण भरलेल्यापेक्षा साडेसात टक्के अधिक. माथ्याजवळ पाणी चढते तेव्हा क्षेत्रफळ थोडेच वाढते, पण माथ्याची बरीच कड एकदम भिजते आणि घर्षण ओढीच्या पुढे जाते.

याचा व्यवहारातला परिणाम असा, की त्या पट्ट्यात एका प्रवाहाला दोन खोल्या येतात. आपल्या पाइपातून ०.९५ घनमीटर पाणी न्यायचे म्हटले तर ०.७९ मीटर हे एक उत्तर आणि ०.८९ मीटर हे दुसरे, आणि दोन्ही गणिताने बरोबर. संगणकातली मुळे शोधणारी जलद पद्धत कुठून सुरू झाली त्यावर यातले एक निवडते, किंवा माथ्याजवळ भरकटते. थीटाचा शोध ९४ टक्के खोलीच्या खालीच ठेवला आणि अंतर निम्मे-निम्मे करत गेले की हा त्रास होत नाही. प्रत्यक्षात मात्र त्या पट्ट्यात पाइप ठेवूच नये. पाण्याची जराशी लाट माथ्याला लागली तर हवा अडकते, पाइप भरून वाहू लागतो आणि साडेसात टक्क्यांची ती बढती नाहीशी होते.

ही बढती मुळात खरी आहे का, यावर थॉमस कॅम्प या अमेरिकन इंजिनिअरने १९४६ मध्ये बोट ठेवले. गटारांच्या आराखड्यावरच्या लेखात त्याने पाइपांवर प्रत्यक्ष घेतलेली मोजमापे तपासली. त्यांत अर्धवट भरलेल्या पाइपातला वेग कोष्टकातल्यापेक्षा सातत्याने कमी येत होता. कोष्टकात एन सर्व खोल्यांना एकच धरलेला असे. मोजमापांना जुळवायचे तर तो खोलीनुसार बदलावा लागे. पाव ते एक-तृतीयांश खोलीवर पूर्ण भरलेल्यापेक्षा सुमारे २९ टक्के जास्त, अर्ध्या खोलीवर सुमारे २४ टक्के जास्त, आणि मग माथ्यापर्यंत हळूहळू उतरत जाणारा. पृष्ठभागाचा खडबडीतपणा तर बदलत नाही. मग एन का बदलतो? बाझांच्या वाहिन्यांत घातांक एकसारखा नव्हताच, मॅनिंगने सोयीसाठी दोन-तृतीयांश धरला. घातांक जिथे चुकतो तिथली तूट भरून काढायचे काम एनवर पडते. पण अर्ध्या खोलीवरची वाढ एवढ्याने उलगडत नाही, कारण तिथे जलीय त्रिज्या पूर्ण भरलेल्या पाइपाइतकीच असते. या वक्राविषयी वाद आजही आहेत, कारण कॅम्पने वापरलेली मोजमापे बरीच विखुरलेली होती.

आपल्या पाइपावर याचा फरक किती पडतो ते पाहू. बदलता एन धरला तर पाचशे लिटरला खोली ४८ऐवजी ५४ सेंटिमीटर येते, आणि वेग १.४६वरून १.२५वर उतरतो. माथ्याजवळचा प्रवाहाचा फुगवटाही जवळजवळ विरून जातो. पाइप, उतार, पाणी सगळे तेच, पण वेगात सहाव्या-सातव्या हिश्शाचा फरक. पुन्हा, ०.०१३ हा एन नव्या, नीट सांधलेल्या काँक्रीटचा. काही पावसाळे गेले, सांधे थोडे खचले, तळाला रेतीचा थर बसला, की ०.०१५ धरणे जास्त खरे. तसे केले तर एन स्थिर ठेवूनही खोली ५२ सेंटिमीटर आणि वेग १.३१ येतो. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या तर पाणी आणखी वर जाईल. दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत छापलेल्या उत्तराचा खरा वकूब एवढाच आहे.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या मलनिस्सारण नियमपुस्तिकेत गोल पाइपाचे कोष्टक दोन्ही प्रकारांनी, स्थिर एन आणि बदलता एन असे शेजारी-शेजारी दिलेले आहे. कॅम्पचा वारसा तिथपर्यंत पोचला. बरेचसे संगणकीय तक्ते मात्र स्थिर एनवरच चालतात, कारण ते लिहायला सोपे.

या सगळ्या वंशावळीत एक अट शेझीपासून चालत आली आहे आणि तीच सर्वांत जास्त विसरली जाते. ओढ आणि अडवणूक बरोबरीत यायला वाहिनी लांब, एकसारखी आणि पुढे मोकळी हवी. मुंबईत ती मोकळी नसते. बहुतेक पातमुखे भरतीच्या पातळीखाली आहेत. जुनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी, तीही ओहोटी गृहीत धरून बेतलेली होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा सामान्य खोलीचा प्रश्नच उरला नव्हता. पण एरवीच्या पावसातही भरती असेल तर काय होते? आपल्या पाइपातला प्रवाह संथ प्रकारचा आहे. त्यातली लाट प्रवाहाविरुद्ध वर चढू शकते, म्हणून खालचे पाणी वरच्या पाण्याला अडवते. भरतीने पातमुखाशी पाणी पाइपाच्या माथ्यापर्यंत आणले तर ते ४८ऐवजी ९० सेंटिमीटर उभे असते. ४२ सेंटिमीटरचा हा फरक चारशेला एक उतारावर भरून निघायला किमान १७० मीटर लांबी लागते. तेवढ्या टप्प्यात सामान्य खोलीचा आकडा निरर्थक असतो, वेग कमी असतो आणि गाळ तिथेच बसतो. तिथला हिशेब पातमुखापासून मागे-मागे पायरीपायरीने करावा लागतो.

प्रत्यक्ष पडताळणी करणे फारसे अवघड नाही. पावसानंतर चेंबरच्या भिंतीवर आणि पाइपाच्या तोंडाशी पाण्याची ओली रेघ राहते. वरच्या आणि खालच्या चेंबरमधली रेघ तळापासून सारख्याच उंचीवर असेल तर प्रवाह सामान्य खोलीच्या जवळ होता. खालची रेघ उंच असेल तर पुढे काहीतरी अडले आहे, मग ती भरती असो, गाळ असो की कोणी घुसवलेली केबल. अशा ठिकाणी एन वाढवून आकडा जुळवणे ही लबाडी आहे, कारण दोष पाइपाच्या पृष्ठभागात नसतो.

म्हणून आराखडे तपासणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे: खोली आणि वेगाच्या आकड्यांशेजारी एन किती धरला, तो स्थिर की बदलता, आणि पातमुखाशी पाण्याची पातळी कोणती धरली, या तीन गोष्टी लिहून मागा. नुसते ‘मॅनिंगच्या सूत्रानुसार’ असे लिहिलेला कागद परत पाठवा.